चोपन्न पायऱ्या लिहायच्या की नाही?

मामांनी फ्लॅट विकायला काढला त्याचं कारण मामींचे गुडघे. कोथरूडला पौड रस्त्यावरून आत गेलेल्या एका गल्लीत त्यांची सोसायटी आहे. खाली पार्किंग, वर तीन मजले आणि एकूण बारा बिऱ्हाडं. इमारत १९९४ ची, लिफ्ट नाही, आणि मामा तिसऱ्या मजल्यावर. तीस वर्षं ते ज्या चोपन्न पायऱ्या सहज चढले, त्या आता मामींना दिवसातून एकदासुद्धा नकोशा झाल्या होत्या.

एका एजंटाकडे काम दिलं. त्याने लिहिलेली जाहिरात अशी होती: ‘कोथरूडच्या मध्यवर्ती भागात ८५० चौ. फुटांचा प्रशस्त, हवेशीर, वास्तुशास्त्राप्रमाणे टू बीएचके. मेट्रो २ मिनिटांवर. शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, मंदिर, मार्केट सर्व हाकेच्या अंतरावर. कार पार्किंगसह. पुनर्विकासाची सुवर्णसंधी. त्वरित संपर्क साधा.’

पाच आठवड्यांत सतरा जण घर बघून गेले. एका रविवारी मी तिथे होतो. एक वयस्कर जोडपं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबलं. काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या, काकांनी वर बघितलं आणि म्हणाले, “लिफ्ट नाही एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर हिला इथवर चढवलं नसतं.” ते वर आलेच नाहीत. मामी आत चहाचं आधण ठेवून बसल्या होत्या.

त्या दिवशी मामा मला म्हणाले, “तू लिहितोस ना? मग ही जाहिरात तूच लिही.” ती लिहायला मला तीन दिवस लागले. त्यातले अडीच दिवस टेप, घड्याळ आणि सोसायटीच्या फायली यांत गेले. जुन्या टू बीएचकेची जाहिरात कशी लिहावी, हे मला तेव्हा कळलं.

सुरुवात क्षेत्रफळापासून केली, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होता. मामांच्या करारनाम्यात ७२० चौ. फूट बिल्टअप लिहिलेलं आहे. एजंटाने त्यात जिन्याचा आणि सामायिक जागेचा वाटा धरून ८५० सलेबल केलं. दोन्ही आकडे आपापल्या हिशेबाने कुठून तरी आलेले आहेत, पण घर बघायला येणारा माणूस राहणार असतो तो भिंतींच्या आत. त्याला हवा असतो कार्पेट एरिया. त्याची व्याख्या २०१६ च्या रेरा कायद्यात स्पष्ट आहे: घराच्या आतली वापरण्याजोगी जमीन आणि आतल्या भिंतींखालची जागा धरायची, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही.

मी आणि मामेभाऊ टेप घेऊन बसलो. हॉल १० फूट बाय साडेपंधरा. स्वयंपाकघर ८ बाय साडेनऊ. मोठी बेडरूम १० बाय १२, धाकटी १० बाय साडेदहा. मोठ्या बेडरूमला जोडलेलं टॉयलेट ४ बाय ७, कॉमन बाथरूम ४ बाय ६, संडास वेगळा ३ बाय ४. मधला पॅसेज ३ फूट रुंद आणि १२ फूट लांब. या सगळ्यांची बेरीज ५५६ चौ. फूट. आतल्या भिंतींचे साधारण २४ धरले की ५८० होतात. शिवाय हॉलची बाल्कनी ४० आणि स्वयंपाकघराची ड्राय बाल्कनी १८.

५८० आणि ८५०. हा आकडा ऐकून मामांचा चेहरा उतरला. “एवढं लहान लिहिलं तर कोण येईल?” असं त्यांनी विचारलं, आणि ही शंका प्रत्येक विकणाऱ्याला येते. पण ८५० वाचून येणारा माणूस मनात बारा-तेरा फूट रुंदीचा हॉल घेऊन येतो. दारातून आत पाऊल टाकताच त्याला दहा फूट दिसतात, आणि तिथून पुढे त्याला दाखवलेली प्रत्येक गोष्ट लहानच वाटते. ५८० वाचून येणाऱ्याला तोच हॉल मोकळा वाटतो, कारण साडेपंधरा फूट लांबी आणि समोर बाल्कनी असलेला हॉल खरोखरच चांगला आहे.

भावाचंही तसंच. मामांची अपेक्षा १ कोटी १० लाखांची. ८५० ने भागलं तर चौरस फुटाला सुमारे १३ हजार होतात, ५८० ने भागलं तर सुमारे १९ हजार. एजंटाला पहिला आकडा आवडतो, कारण कागदावर घर स्वस्त दिसतं. पण गृहकर्ज घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर येतो, तो स्वतः मोजमाप घेतो. त्याचा आकडा जाहिरातीशी जुळला नाही, तर टोकन दिल्यानंतर बोलणी फिसकटतात. तेव्हा फुटलेला सौदा विकणाऱ्याला फार महागात पडतो, कारण दरम्यान बाकीच्या गिऱ्हाइकांना नकार कळवलेला असतो.

म्हणून जाहिरातीत एकच मुख्य आकडा लिहावा, तो कार्पेटचा, आणि बाल्कन्या वेगळ्या लिहाव्यात. करारातला बिल्टअप आकडा शेवटी कागदपत्रांच्या ओळीत द्यावा, म्हणजे करारनामा वाचताना कोणाला धक्का बसत नाही. खोल्यांची मापं तर लिहावीतच. ‘प्रशस्त’ हा शब्द वाचून पलंग आणि कपाट मावेल की नाही ते कळत नाही. १० बाय १२ वाचून कळतं.

पुढचा प्रश्न जागेचा. ‘मेट्रो २ मिनिटांवर’ हे एजंटाने स्कूटरवरून मोजलं होतं. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी याचा नियमच आहे: चालत ८० मीटर म्हणजे एक मिनिट, आणि वरचा तुकडा पूर्ण मिनिट धरायचा. मामांच्या फाटकापासून आयडियल कॉलनी मेट्रो स्थानक साधारण ६५० मीटर आहे, म्हणजे त्या नियमाने ९ मिनिटं. मी सकाळी नऊ वाजता स्वतः चाललो. फाटकापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत ९ मिनिटं लागली, आणि मामांच्या दारातून निघून, चोपन्न पायऱ्या उतरून, पौड रस्ता ओलांडून फलाटावर उभं राहीपर्यंत १३.

९ मिनिटं हे चांगलंच अंतर आहे. ते लपवण्यासारखं काही नाही. उलट त्याच्यापुढे उपयोगाची माहिती जोडता येते. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, पुढे मार्ग वाढत गेला, आणि आता आयडियल कॉलनीहून निघालं की सहावं स्थानक सिव्हिल कोर्ट. तिथे पिंपरी-चिंचवड आणि स्वारगेटकडे जाणारी गाडी मिळते. ज्याची नोकरी शिवाजीनगरला किंवा पिंपरीला आहे, त्याला या एका वाक्यात स्वतःची रोजची सकाळ दिसते. ‘उत्तम कनेक्टिव्हिटी’ या शब्दांतून ती दिसत नाही.

हिंजवडीचं मात्र उलट झालं. मामेभावाने सुचवलं, “हिंजवडी वीस मिनिटं, असं टाकू. आयटीतली माणसं येतील.” वीस मिनिटं रात्री साडेअकराला लागतात. एका मंगळवारी पावणेनऊला आम्ही निघालो, तेव्हा चांदणी चौक ओलांडून महामार्गाने तिथे पोहोचायला पाऊण तासाहून जास्त लागला. चांदणी चौकातला नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिथली कोंडी बरीच सुटली आहे, पण पुढे वाकडपासून रांग लागतेच. आम्ही हिंजवडीचा उल्लेखच काढून टाकला. जाहिरातीत सगळं लिहिलंच पाहिजे असं नाही. जे लिहू ते मात्र गर्दीच्या वेळी मोजलेलं असावं.

‘शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, मंदिर, मार्केट’ ही यादीही काढली. कोथरूडमध्ये कुठेही उभं राहिलं तरी ती खरीच असते, म्हणून तिच्यातून या घराबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी गल्लीकडे बघितलं. इमारत मुख्य रस्त्यापासून तिसरी आहे, त्यामुळे बसचा हॉर्न हॉलमध्ये ऐकू येतो तो दबका. कोपऱ्यावर सकाळी भाजीच्या दोन गाड्या लागतात. बाल्कनीसमोर सोसायटीचंच बकुळीचं झाड आहे. आणि गणेशोत्सवात इमारतीपासून चाळीस पावलांवर मांडव पडतो. ते दहा दिवस गल्लीत चारचाकी येत नाही आणि रात्री दहापर्यंत स्पीकर असतो.

हा मांडव लिहायचा की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. मामी म्हणाल्या, “लिही. ज्याला नको त्याला नको. आम्हाला तर ते दहा दिवस हवेहवेसे वाटायचे.” मला त्यांचं पटलं. एकाला जो त्रास, ते दुसऱ्याला त्या गल्लीत घर घेण्याचं कारण असू शकतं. आपण आपल्या मनाने ठरवून ते गाळलं, तर ज्याला ते हवं आहे त्यालाही कळत नाही.

आता रचना. बहुतेक जाहिरातींत ‘टू बीएचके, दोन टॉयलेट, दोन बाल्कनी’ एवढ्यावर ती संपते. पण टू बीएचके म्हणजे फक्त खोल्यांची संख्या. खोल्या एकमेकींना कशा लागून आहेत, आल्यागेल्याच्या नजरेला काय पडतं, झोपलेल्या माणसाला कशाचा आवाज येतो, यावर घर कसं आहे ते ठरतं. दारातून आत आल्यावर माणूस जसा चालेल त्या क्रमाने लिहीत गेलो की रचना आपोआप समजते.

मामांच्या घरात दार उघडलं की हॉल, आणि समोर पूर्वेची बाल्कनी. हॉलच्या मागच्या अंगाला पॅसेज सुरू होतो. पॅसेजच्या उजव्या हाताला स्वयंपाकघर, डाव्या हाताला कॉमन बाथरूम आणि वेगळा संडास. टोकाला दोन बेडरूम: वायव्येला मोठी, दक्षिणेला धाकटी. म्हणजे हॉलमध्ये पाहुणे बसलेले असले, तरी आतला माणूस कोणाच्या समोरून न जाता बेडरूममधून स्वयंपाकघरात आणि बाथरूमला जाऊ शकतो. नव्या इमारतींत पॅसेज कमी करून कार्पेट वाचवतात आणि बेडरूमची दारं थेट हॉलमध्ये उघडतात. ३६ चौ. फूट पॅसेजमध्ये ‘वाया’ जातात असं म्हणणारे आहेत, पण ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत किंवा दहावीचं मूल आहे, त्यांना या पॅसेजची किंमत कळते. मी तो जाहिरातीत वर आणला. वेगळा संडासही तसाच. चार माणसांच्या घरात सकाळी बाथरूम आणि संडास वेगळे असणं ही सोय आहे, आणि जुन्या घरांचं हे वैशिष्ट्य आता विकत मिळत नाही.

‘वास्तुशास्त्राप्रमाणे’ हा शब्द काढला आणि दिशा लिहिल्या. ओट्यापाशी उभं राहिलं की तोंड पूर्वेला येतं, हॉलची बाल्कनी पूर्वेला आहे, मोठ्या बेडरूमला उत्तर आणि पश्चिम अशा दोन खिडक्या आहेत. ज्याला वास्तू बघायची आहे तो यावरून बघेल, आणि ज्याला ऊन-वारा बघायचा आहे त्यालाही तेच उपयोगी पडेल. ‘हवेशीर’ही गेलं. पूर्वेच्या बाल्कनीतून आलेला वारा पॅसेजमधून मोठ्या बेडरूमच्या खिडकीने बाहेर पडतो, दोन्ही दारं उघडी ठेवली की कॅलेंडरची पानं हलतात. आम्ही लिहिलं, ‘हॉल ते मोठी बेडरूम सरळ वारा’. सहा शब्दांत झालं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. अवघड भाग आला दोषांचा.

धाकट्या बेडरूमला एकच खिडकी आहे आणि ती शेजारच्या इमारतीकडे उघडते. मधलं अंतर बारा फूट. दुपारी बारा ते दोन सोडलं तर त्या खोलीत वाचायला दिवा लावावा लागतो. मोठ्या बेडरूमला पश्चिमेची भिंत आहे. एप्रिल-मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेकडे मावळतो, त्यामुळे वायव्येच्या या खोलीला ऊन सगळ्यात जास्त लागतं. वर स्लॅब, बाजूला तापलेली भिंत. रात्री नऊपर्यंत खोली गरम असते. पावसाळ्यात याच भिंतीवर झोडपा बसतो. २०२० मध्ये कोपऱ्यात ओल आली होती, स्लॅबलाही डाग पडला होता. २०२१ मध्ये सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, मामांनी बाहेरून भिंतीला प्लास्टर आणि रंग केला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत ओल आली नाही, पण डागाची पुसट कड अजून दिसते.

एजंटाचा सल्ला होता की फोटो काढायच्या आधी त्या कोपऱ्याला पुट्टी आणि रंग मारा, विषय संपला. सौदा लवकर व्हावा म्हणून हा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो मानू नये, आणि त्याला कायद्याचाही आधार आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातल्या कलम ५५ नुसार, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि त्याने नेहमीच्या सावधपणाने बघूनही दिसणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. रेरातल्या खोट्या जाहिरातीच्या तरतुदी बिल्डरसाठी आहेत, आपलं जुनं घर विकणाऱ्या माणसाला त्या लागू होत नाहीत, म्हणून पुष्कळांना वाटतं की रीसेलमध्ये काहीही लिहिलं तरी चालतं. पण हे जुनं कलम सगळ्यांना लागू आहे. चोपन्न पायऱ्या आणि अंधारी खिडकी येणाऱ्याला दिसतात. रंगाखालची ओल दिसत नाही, म्हणून ती सांगावीच लागते.

सांगायची कशी, हा लिहिणाऱ्याचा प्रश्न. ‘ओल येते’ असं लिहिणं अर्धवट, ‘ओलीची समस्या नाही’ असं लिहिणं खोटं. दोष, त्यावर काय केलं, कधी केलं आणि आजची स्थिती, या चार गोष्टी एका वाक्यात आल्या की ते वाक्य भीती घालत नाही. आम्ही लिहिलं: ‘मोठ्या बेडरूमच्या पश्चिम भिंतीला २०२० मध्ये ओल होती, २०२१ मध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग व भिंतीचं प्लास्टर झालं, त्यानंतर ओल नाही, बिलं दाखवू.’ शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. मामांनी कपाटाच्या खणातून बिल शोधून काढलं तेव्हाच मी ते लिहिले.

दोष कुठे लिहायचे याचाही विचार केला. पहिल्या ओळीत ओल लिहिली तर पुढचं कोणी वाचणार नाही. शेवटी बारीक अक्षरांत लिहिली तर लपवल्यासारखी वाटते. ज्या खोलीचा दोष, त्या खोलीच्या वर्णनातच तो आला पाहिजे. फक्त लिफ्टचं वेगळं. ज्याला जिने चढणं शक्य नाही त्याच्यासाठी बाकीच्या घराचा काही उपयोग नाही, म्हणून ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही’ हे शीर्षकाच्या लगेच खाली, पहिल्या दोन ओळींत. मोबाइलवर जाहिरात उघडली की तेवढंच आधी दिसतं.

पार्किंगचा विषय मला सर्वांत मोठा धडा देऊन गेला. एजंटाने ‘कार पार्किंगसह’ लिहिलं होतं आणि मामांचीही तशीच समजूत होती, कारण १९९४ मध्ये बिल्डरने त्यांच्याकडून पार्किंगचे वेगळे पैसे घेतले होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात निकाल दिला की स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, ती सामायिक जागा आहे. ती वाटून देण्याचं काम सोसायटीचं. मामांच्या सोसायटीत बारा फ्लॅट आणि चारचाकीच्या जागा आठ. दरवर्षी सभेत चिठ्ठ्या निघतात. गेली दोन वर्षं मामांची चिठ्ठी निघाली होती, एवढंच. मग ‘कार पार्किंगसह’ म्हणजे नवीन मालकाला आपण जे देऊच शकत नाही त्याचं वचन. आम्ही लिहिलं: ‘दुचाकीला कायम जागा, चारचाकीला आठ जागांसाठी दरवर्षी सोसायटीत चिठ्ठ्या.’

‘पुनर्विकासाची सुवर्णसंधी’ याचंही तेच. कोथरूडमध्ये तीस वर्षांच्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत, त्यामुळे मोठ्या घराच्या आशेने जुना फ्लॅट घेणारे आहेत. पण सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत या विषयावर एकच नोंद सापडली: २०२२ च्या सर्वसाधारण सभेत चर्चा झाली, ठराव झाला नाही. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, मात्र सोसायटीच्या नावे झालेलं आहे, आणि ही गोष्ट खरोखर मोलाची आहे. पुण्यात कित्येक सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. एजंटाने ज्याची खात्री नाही ती आशा लिहिली आणि हातात असलेला हा कागद लिहायचा विसरला.

फोटोंबद्दल थोडक्यात सांगतो. मोबाइलची रुंद लेन्स वापरू नये. दहा फुटांची खोली त्यात चौदाची दिसते आणि माणूस आल्यावर तीच फसगत होते. दारात उभं राहून, फोन छातीच्या उंचीवर धरून, चालण्याच्या क्रमाने आठ फोटो काढले. हॉलचा फोटो सकाळी आठचा, कारण तेव्हा तिथे खरंच ऊन येतं. धाकट्या बेडरूमचा फोटो खिडकीसकट, समोरची भिंत दिसेल असा. आणि मामेभावाने चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून घराचा नकाशा काढला, त्यावर मापं आणि उत्तर दिशेचा बाण टाकला. आलेल्या प्रत्येकाने सांगितलं की त्यांनी सर्वांत जास्त वेळ हा नकाशाच बघितला.

शेवटी जाहिरात अशी झाली:

‘कोथरूड, आयडियल कॉलनी मेट्रोपासून चालत ९ मिनिटं: पूर्वेच्या बाल्कनीचा टू बीएचके, ५८० चौ. फूट कार्पेट.

तिसरा (शेवटचा) मजला, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. १९९४ ची, बारा फ्लॅटची सोसायटी, मुख्य रस्त्यापासून आत. गल्लीत गणेशोत्सवाचा मांडव असतो, ते दहा दिवस चारचाकी येत नाही. मेट्रोने सहावं स्थानक सिव्हिल कोर्ट.

हॉल १० × १५॥ फूट, समोर ४० चौ. फुटांची बाल्कनी, सकाळचं ऊन आणि बकुळीचं झाड. हॉलपासून वेगळा पॅसेज, त्यामुळे दोन्ही बेडरूम, स्वयंपाकघर आणि बाथरूम पाहुण्यांच्या नजरेआड. हॉल ते मोठी बेडरूम सरळ वारा. स्वयंपाकघर ८ × ९॥, ओटा पूर्वाभिमुख, बाहेर ड्राय बाल्कनी. कॉमन बाथरूम आणि संडास वेगळे.

मोठी बेडरूम १० × १२, जोडून टॉयलेट, दोन खिडक्या. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी तापते. पश्चिम भिंतीला २०२० मध्ये ओल होती, २०२१ मध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग व भिंतीचं प्लास्टर झालं, त्यानंतर ओल नाही, बिलं दाखवू. धाकटी बेडरूम १० × १०॥. खिडकी शेजारच्या इमारतीकडे, उजेड कमी, खोली शांत.

महापालिकेचं पाणी, गेल्या मे महिन्यात सोसायटीने चार टँकर घेतले. मेंटेनन्स महिना २,२०० रुपये. दुचाकीला कायम जागा. चारचाकीला आठ जागांसाठी दरवर्षी सोसायटीत चिठ्ठ्या. कन्व्हेयन्स झालेलं. करारात ७२० चौ. फूट बिल्टअप. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र तयार. कर्ज नाही.

अपेक्षा १ कोटी १० लाख. जिने झेपत नाहीत म्हणून विकतो आहोत. घर बघायला सकाळी ८ ते १० किंवा संध्याकाळी ५ नंतर या.’

‘खोली शांत’ या दोन शब्दांवर मी बराच वेळ घालवला. उजेड कमी आहे हे लिहिल्यावर त्या खोलीचं चांगलं काय, हे शोधायला मी तिथे एक रात्र झोपलो. रस्त्याचा आवाज तिथे अजिबात पोहोचत नाही. आकर्षक लिहिणं म्हणजे माझ्या मते एवढंच आहे: खोलीत जाऊन थांबणं आणि तिथे जे चांगलं आहे ते सापडेपर्यंत न लिहिणं. विकण्याचं कारणही आम्ही मुद्दाम लिहिलं. रीसेलच्या घरात येणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘हे का सोडून जातायत?’ हाच असतो, आणि उत्तर मिळालं नाही की तो स्वतःच एखादं वाईट उत्तर तयार करतो.

ही जाहिरात लागल्यावर तीन आठवड्यांत सहाच फोन भेटीपर्यंत पोहोचले. जिन्यातून कोणी परत गेलं नाही. लिफ्टबद्दल, पार्किंगबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही. बोलणं थेट स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, सोसायटीतली माणसं आणि भावावर आलं. चौथं कुटुंब तिशीतलं होतं, एक मुलगी पाचवीत. ते दोनदा आले, दुसऱ्यांदा मुद्दाम दुपारी चारला, पश्चिमेची भिंत किती तापते ते हात लावून बघायला. ओलीचं बिल त्यांनी मागितलं, वाचलं आणि त्याचा फोटो काढून घेतला. घासाघीस झाली ती भावावर, आणि १ कोटी ६ लाखांवर ठरलं. मामा आता बाणेरला लेकाच्या शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात.

तुम्हीही घर विकायला काढत असाल, तर जाहिरात देण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून पार्किंगचा नियम आणि कन्व्हेयन्सची स्थिती लेखी घ्या, खोल्या स्वतः टेपने मोजा, आणि जी जाहिरात द्याल तिची एक प्रत इंडेक्स टूच्या फाइलमध्ये ठेवा. घेणाऱ्यानेही ती जपून ठेवलेली असते.